अंडं मोजू नका, पांढरं तोला

आत्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मालकांनी तिला घरी जायला सांगितलं होतं आणि ती जात नव्हती.

मी भट्टीवर कामाला लागलो तो माझा पहिला आठवडा. आमची बेकरी तेव्हाही मोठीच होती. पुढे दुकान, मागे लांबलचक कामाची खोली, एका भिंतीला दोन भट्ट्या, मधे टेबलं. त्यातल्या एका टेबलावर फक्त अंड्याच्या पांढऱ्याचं काम चालायचं, म्हणजे मेरिंग. पांढरं फेटायचं, त्यात साखर घालत जायचं आणि त्या फेसाच्या वाट्या, चकत्या, लेमन पायवरचे ढग करायचे. त्या टेबलाचे वस्ताद तापाने आजारी होते म्हणून तीन आठवड्यांपूर्वी भांडी घासायला लागलेल्या बाईने त्यांचं काम अंगावर घेतलं होतं. वस्तादांचं माप तिने पाठ केलं होतं, चाळीस अंडी आणि दोन किलो चारशे ग्रॅम साखर. तिने चाळीस अंडी मोजून फोडली, साखर तोलून घातली, आणि फेस काही उभा राहीना. पाकासारखा जड, चकाकणारा लगदा. कागदावर चकत्या घातल्या तर पसरून एकमेकींना चिकटल्या. भट्टीतून काढल्या तेव्हा खाली चिकट पाणी. एका लग्नाच्या केकसाठी त्या हव्या होत्या.

मालक म्हणाले, "बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

ती म्हणाली, "येईन. चुकलं काय ते कळल्याशिवाय मी जात नाही. कळलं की मग काढा."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि टेबलापाशी उभी राहिली. कुणी काम देईना, तरी उभी. तिसऱ्या दिवशी वस्ताद आले, अंगावर शाल, डोळे लाल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पांढरं किती होतं?"

"चाळीस."

"चाळीस काय? चाळीस हत्ती की चाळीस मुंग्या?"

अंड्यांचा ट्रे त्यांनी पाहिला. नव्या कोंबड्यांची बारकी अंडी आली होती, एकेकाचं पांढरं जेमतेम चोवीस ग्रॅम. वस्ताद स्वतः आकार बघून साखर कमीजास्त करायचे, पण तोंडाने मात्र 'चाळीसला दोन-चारशे' एवढंच सांगायचे. त्या दिवशी त्यांनी काट्यावर भांडं ठेवलं आणि तिला नीट सांगितलं. लेमन पायवर ढग घालायचा तर मऊ मेरिंग, त्याला पांढऱ्याच्या वजनाइतकीच साखर. नक्षी काढायची आणि दिवसभर ठेवायची तर मध्यम, त्याला वजनाच्या दीडपट. वाट्या आणि चकत्या वाळवायच्या तर कडक, त्याला दुप्पट. म्हणजे पांढरं तीस ग्रॅम निघालं तर साखर तीस, पंचेचाळीस किंवा साठ. तू घातलीस अडीचपट, मग ते उठणार कसं?

ती म्हणाली, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

वस्तादांना असं कुणी विचारलं नव्हतं. मग मालकांना म्हणाले, "ही राहू दे. चूक माझी आहे."

ती राहिली, ती एकतीस वर्षं. तिला आत्या म्हणायचं कारण तिचा भाचा. त्यानेच तिला या कामावर चिकटवलं होतं. भाचा तीन महिन्यांत पळाला, आत्या सगळ्यांना पुरली. मालकसुद्धा पुढे तिला आत्याच म्हणायला लागले, आणि ते तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे होते.

घरी तिचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाक. मी कधी गेलो की तो म्हणायचा, "भट्टीवाले, बसा. हिने चहा केलाय, साखर तोलून. लग्नाच्या वेळी हिने मलासुद्धा तोलूनच होकार दिला असेल." आत्या आतून म्हणायची, "तेव्हा काटा नव्हता, म्हणून फसले." दोघांचं असंच चालायचं. मुलगी शिकून दुसऱ्या गावी नोकरीला, जावई बरा, एक नात. फार काही घडलं नाही तिच्या घरात, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही. तिचं जे काही घडायचं ते त्या टेबलावर.

तिचं काम बघत राहावंसं वाटायचं. भांडं लिंबाच्या फोडीने पुसून घ्यायची, तुपातेलाचा अंश राहू नये म्हणून. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब दिसला तर सगळं बाजूला. आधी नुसतं फेटायची, फेस आला की साखर चमच्या-चमच्याने. कडक मेरिंगला वेळ लागतो, कारण साखर जास्त असली की फेस सावकाश चढतो, पण चढला की बसत नाही. मऊ झटकन फुगतं आणि तितक्याच झटकन बिघडतं. मधेमधे चिमूटभर फेस दोन बोटांत चोळून बघायची. खरखर लागली तर अजून फेट. साखर विरघळली नाही तर भट्टीत रडते, असं म्हणायची.

आमच्याकडे एक रीत होती. वस्तादांच्याही आधीपासूनची. ज्याने घाणा केला त्याने ट्रेच्या कोपऱ्यात कागदाची चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर आपली निशाणी करायची. निशाणी नसेल तर भट्टीवाल्याने ट्रे आत घ्यायचा नाही. कुणाचं बिघडलं हे नंतर शोधत बसायला नको म्हणून. आत्याची निशाणी म्हणजे तीन टिंबं.

मालक थकले तेव्हा कारभार त्यांच्या जावयाकडे आला. त्यांना आम्ही मागून जावईबापू म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगितलं पाहिजे. हॉटेलचं शिक्षण घेतलेला, पहाटे सगळ्यांआधी हजर, कुणाशी अरेरावी नाही. त्यांचं एकच म्हणणं होतं की बेकरी एका माणसाच्या हातावर चालता कामा नये. आत्या चार दिवस पडली तर काय, हा प्रश्न ते विचारायचे, आणि प्रश्न खरा होता.

एकदा ते वही घेऊन तिच्यापाशी आले. "आत्या, एका अंड्याला साखर किती?"

"अंड्याला नाही, पांढऱ्याच्या वजनाला."

"हो, पण साधारण?"

"आत्ताची अंडी आहेत त्यांचं पांढरं तीसच्या आसपास निघतं. मग तीस, पंचेचाळीस, साठ."

त्यांनी लिहून घेतलं. आठवड्याने टेबलाच्या वर प्लॅस्टिकमधलं कार्ड लागलं. 'मेरिंग, प्रति अंडं: मऊ ३०, मध्यम ४५, कडक ६०.' आत्याने वाचलं आणि म्हणाली, "माझं अर्धं वाक्य टांगलंय." पण तिने त्याकडे दुर्लक्ष केलं. अंडी तीच होती, आकडे जुळत होते, तिचं तोलणं चालू होतं.

मग अंडीवाला बदलला. नवी अंडी मोठी, दिमाखदार. कस्टर्डवाली, म्हणजे शेजारच्या टेबलावर पिवळ्याचं काम करणारी, भारी खूश. ती सकाळी अंडी फोडायची, पिवळं स्वतः ठेवायची आणि पांढरं बादलीत घालून झाकणावर खडूने आकडा लिहायची. त्या सकाळी तिने लिहिलं चोवीस. आत्याने बादली काट्यावर ठेवली. नऊशे साठ ग्रॅम. म्हणजे एकेकाचं चाळीस.

तिने वाट्यांसाठी दुप्पट साखर घ्यायला सुरुवात केली तेव्हा जावईबापू मागेच उभे होते.

"आत्या, चोवीस अंडी ना? चोवीस साठे चौदाशे चाळीस. तुम्ही एकोणीसशे वीस का घेताय?"

"पांढरं नऊशे साठ आहे. त्याच्या दुप्पट."

"कार्डावर साठ लिहिलंय."

"कार्डाला काय माहीत कोंबडी बदलली ते?"

कुणीतरी हसलं. ते हसायला नको होतं. जावईबापूंचे कान लाल झाले. "आधीच लोक म्हणतात फार गोड आहे. आणि प्रत्येकाने आपापलं माप चालवलं तर कार्ड कशाला? आजपासून या टेबलावर कार्डाप्रमाणे होईल. नसेल जमत तर पॅकिंगला माणूस हवाच आहे."

पॅकिंग म्हणजे पुढच्या खोलीत खोक्यांना दोरी बांधणं. एकतीस वर्षांनंतर.

आत्याने चमचा खाली ठेवला. "जमतं. कार्डाप्रमाणे करून देते. कामाला नाही म्हणत नाही मी."

तिने पांढरं दोन भांड्यांत बरोबर अर्धं अर्धं केलं, चारशे ऐंशी, चारशे ऐंशी. एकात कार्डाप्रमाणे बारा अंड्यांची सातशे वीस ग्रॅम साखर. दुसऱ्यात नऊशे साठ.

"दुसरं कशाला?" जावईबापू म्हणाले.

"दुसरं माझं. यातली जास्तीची साखर माझ्या पगारातून कापा. हे केल्याशिवाय मी पॅकिंगला जाणार नाही, आणि मला उचलून न्यायला तुम्हाला चार माणसं लागतील. वजन आहे माझं."

पहिलं भांडं झटकन फुगलं. डौलदार, हलकं, भांड्याच्या काठापर्यंत. जावईबापू म्हणाले, "बघा, किती छान झालं." दुसरं अजून गोलगोल फिरत होतं. बऱ्याच वेळाने तेही आलं, आकाराने कमी, पण साटीनसारखी चमक, आणि चमचा उभा केला तर पडेना. दोन्हींच्या वाट्या घातल्या, दोन ट्रे भरले. आत्याने एका चिठ्ठीवर तीन टिंबं काढली आणि आपल्या ट्रेला लावली. दुसऱ्या ट्रेला चिठ्ठी कोरी.

"यावर?" जावईबापूंनी विचारलं.

"त्यावर ज्याचं माप त्याची निशाणी."

"केलंय तुम्ही!"

"हात माझे होते. आकडा तुमचा होता. हात मी देईन, नाव देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून ट्रे पुढे केला. "घ्या हो आत."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मी ट्रेकडे बघितलं, मग त्यांच्या बुटांकडे, आणि म्हणालो, "साहेब, निशाणीशिवाय मी घेत नाही. रीत आहे."

आवाज किती निघाला मला माहीत नाही, पण त्यांना ऐकू गेलं. मग खिशातून पेन काढून त्यांनी त्या चिठ्ठीवर आपली सही केली, पूर्ण, लफ्फेदार. त्यांचं हे मला आवडलं, अजूनही आवडतं. मी दोन्ही ट्रे आत घेतले. शंभर अंशावर दोन तास, मग भट्टी बंद करून दार किंचित उघडं.

दुपारी एका हॉटेलच्या शेफबाई येणार होत्या. मोठं हॉटेल, वर्षभर दर आठवड्याला वाट्या घेणार की नाही ते त्या आज बघून ठरवणार होत्या. जावईबापूंनी त्यासाठी दोन महिने फोन केले होते. आत्याला हे माहीत होतं. नसतं तरी तिने तेच केलं असतं.

शेफबाई लहानखुऱ्या, चष्मेवाल्या, मोजकं बोलणाऱ्या. मी दोन्ही ट्रे टेबलावर मांडले. जावईबापूंचा ट्रे दिसायला मोठा, वाट्या फुगलेल्या, जरा खडबडीत. आत्याच्या लहान आणि गुळगुळीत. शेफबाईंनी चिठ्ठ्या पाहिल्या, काही विचारलं नाही. पहिल्या ट्रेतली वाटी कागदावरून सोडवायला गेल्या तर काठ हातात आला. दुसरी सोडवली, ती सुटली, पण बोटाने टिचकी मारली तर आवाज भुसभुशीत. आत्याची वाटी अख्खी सुटली आणि टिचकीला टण्ण वाजली. मग त्यांनी दोन्हींत साय आणि फळं भरली, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "वीस मिनिटं थांबू."

ती वीस मिनिटं कुणी काही केलं नाही. कस्टर्डवाली एकच चमचा पुसत होती. आत्या हाताची घडी घालून उभी, नजर शेफबाईंवर.

वीस मिनिटांनी शेफबाईंनी दोन्ही वाट्या काठाला धरून उचलल्या. पहिलीचा तळ ओला होऊन खाली राहिला. दुसरी उचलली गेली.

त्या पहिलीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "चवीला हे वाईट नाही. हलकं आहे. मध्यमच्या मापाचं मेरिंग म्हणून वापरलं तर चालेल. पण वाटी म्हणून टेबलापर्यंत पोचणार नाही. मला या हव्यात." आणि आत्याच्या ट्रेकडे बोट. "तीन टिंबं कोण?"

"मी," आत्या म्हणाली.

"साखर दुप्पट?"

"दुप्पट. वजनाला."

शेफबाई मान हलवून गेल्या. करार झाला. जावईबापू दारापर्यंत त्यांना सोडून आले आणि टेबलापाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं आता तरी गप्प बसतील, पण माणूस जिद्दीचा. त्यांनी पेन काढलं.

"आत्या, मान्य. माझं चुकलं. आता आकडा सांगा, मी कार्ड बदलतो. कडक, प्रति अंडं, ऐंशी. बरोबर?"

"चूक."

"का? चाळीसची दुप्पट ऐंशीच ना?"

"आजच्या अंड्यांची. उद्या कोंबडी म्हातारी होईल, नाहीतर अंडीवाला बदलेल, मग मी पुन्हा तुमच्याशी भांडू? कार्डावर दुप्पट लिहा, दीडपट लिहा, बरोबरीने लिहा. अंडं हा शब्द लिहू नका."

"पण लोकांना सोपं पडायला हवं. तुम्ही एकट्या..."

"मी एकटी कुठे म्हणते?" इथे तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "एकतीस वर्षांत मला कुणी म्हणालं का, आत्या, आम्हाला शिकवा? मी काय माप पदरात बांधून ठेवलंय? मी आजारी पडेन याची तुम्हाला काळजी आहे ना, तर उद्या सकाळी सगळ्यांना या टेबलापाशी उभं करा. सगळ्यांना. शिकवते. आणि नाही करायचं तर खोकी आणि दोरी दाखवा, मी निघाले."

त्यांनी पेन खिशात ठेवलं. "किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही सातजण टेबलाभोवती. भट्ट्या तापेपर्यंत मी मोकळा, म्हणून मलाही बोलावलं होतं. आत्याने प्रत्येकासमोर वाटी ठेवली, प्रत्येकाला एक अंडं दिलं. फोडा, पिवळं वेगळं करा, पांढरं काट्यावर ठेवा, आकडा मोठ्याने सांगा. कस्टर्डवालीचं एक्केचाळीस. पाववाल्याचं अडतीस. माझं छत्तीस. दुकानात बसणाऱ्या वहिनींचं त्रेचाळीस, आणि त्यांना त्याचा फार आनंद झाला, जणू अंडं त्यांनीच घातलं होतं.

"आता बोला, प्रति अंडं किती?" आत्या म्हणाली. मग एकेकाकडून वदवून घेतलं. तुझं छत्तीस, मऊला? छत्तीस. मध्यमला? चोपन्न. कडकला? बहात्तर. मी इतकी वर्षं तिच्या वाट्या भाजल्या आणि हा हिशेब पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने केला.

जावईबापू मागे हात बांधून बघत होते. आत्याने ट्रेमधलं अंडं उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"तुम्हीपण."

"मी? मला येतं, आत्या. शिकलोय मी."

"मग फोडा."

त्यांनी बाह्या सरसावल्या. अंडं काठावर आपटलं, जरा जोरातच. पिवळं फुटलं आणि त्याची एक रेघ पांढऱ्यात उतरली. कालच्यासारखं कुणी हसलं नाही. ते चमच्याने ती रेघ काढायला लागले.

आत्याने वाटी त्यांच्या हातातून काढून कस्टर्डवालीकडे सरकवली, स्वच्छ वाटी पुढे ठेवली आणि म्हणाली, "निघत नाही ते. दुसरं घ्या."

त्यांनी घेतलं.